झाडं किती आणि गाळे किती: एकाचा फरक येतो कुठून?

शिष्यवृत्तीच्या सरावपुस्तकांत हा प्रश्न हमखास असतो. १०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकांना धरून, दर १० मीटरवर एक झाड लावायचं आहे, तर किती झाडं लागतील? बहुतेक मुलं १०० ला १० ने भागतात, १० लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. बरोबर उत्तर ११ आहे. मग मुलांना सांगितलं जातं, "अशा गणितात शेवटी एक मिळवायचा." मुलं तेही पाठ करतात आणि पुढच्याच गणितात, जिथे एक मिळवायचा नसतो, तिथे इमानेइतबारे एक मिळवून चुकतात.

भागाकार चुकलेला नव्हताच. १०० भागिले १० हे दहाच. पण ते दहा कशाचे, हे कोणी विचारलं नाही. रस्त्याची लांबी म्हणजे अंतर. अंतराला अंतराने भागलं की हाती येतात अंतराचे तुकडे, म्हणजे दोन झाडांच्या मधले गाळे. झाडं भागाकारातून कधीच निघत नाहीत. झाडं त्या गाळ्यांच्या कडांवर उभी असतात, आणि ती किती हे गाळ्यांच्या संख्येवरून वेगळं ठरवावं लागतं.

ते ठरवायचं कसं? रस्त्याच्या सुरुवातीपासून चालायला लागा आणि प्रत्येक झाडाला त्याच्या पुढचा गाळा देऊन टाका. पहिल्या झाडाला पहिला गाळा, दुसऱ्याला दुसरा, असं करत दहाव्या झाडाला दहावा. गाळे संपले. पण रस्त्याच्या टोकाला अजून एक झाड उभं आहे, त्याच्या पुढे गाळाच नाही. तेच ते अकरावं झाड. हाताची बोटं पसरून पाहिली तरी हेच दिसतं: बोटं पाच, बेचकी चार. तेव्हा "एक मिळवायचा" हा नियम पाठ करण्यापेक्षा जोड्या लावून शेवटी कोण एकटं उरतं, ते बघावं. झाड उरलं तर झाडं एकाने जास्त, गाळा उरला तर गाळे एकाने जास्त, कोणीच उरलं नाही तर दोन्ही सारखे.

आता टोकं बदलून पाहू. रस्ता तोच, १०० मीटरचा, पण सुरुवातीला शाळेचं फाटक आहे म्हणून तिथे झाड लावायचं नाही. या वेळी प्रत्येक झाडाला त्याच्या मागचा गाळा द्या. १० मीटरवरच्या झाडाला फाटकापासूनचा गाळा, आणि शेवटी १०० मीटरवरच्या झाडाला दहावा. कोणी उरलं नाही, झाडं १०. दोन्ही टोकांना फाटकं असतील तर शेवटच्या गाळ्याला झाडच मिळत नाही आणि झाडं ९ होतात. आपल्या रस्त्यांवर या तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण रोज दिसतं. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर एक लहान दगड असतो, त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. हजार मीटरमध्ये २०० चे गाळे पाच, पण लहान दगड चार. पाचवा गाळा पुढच्या किलोमीटरच्या मोठ्या दगडाशी जाऊन संपतो.

प्रश्नात टोकांबद्दल काय म्हटलं आहे, ते म्हणून शब्द न् शब्द वाचावं लागतं. "दोन खांबांच्या मध्ये", "दोन्ही टोकांसह", "पहिलं झाड सुरुवातीपासून १० मीटरवर" या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. शंका असेल तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात २० मीटरचाच रस्ता काढावा. दोन गाळे मांडले की झाडं तीन, दोन की एक, हे नुसतं दिसतं, आणि मोठ्या आकड्यांतही फरक तेवढाच राहतो.

"रस्त्याच्या दोन्ही बाजूंना" असं म्हटलं की अजून एक खड्डा समोर येतो. काही जण रस्ता २०० मीटरचा धरतात, १० ने भागून २० काढतात, एक मिळवतात आणि २१ लिहितात. पण दोन कडा म्हणजे दोन स्वतंत्र रांगा. प्रत्येक रांगेच्या शेवटी एक एकटं झाड उरतं. म्हणून आधी एका कडेची ११ झाडं पूर्ण करायची आणि मग दुप्पट करायची: २२.

आणि भाग पूर्ण गेला नाही तर? समजा रस्ता ५०३ मीटरचा आहे आणि झाडं दर ६ मीटरवर. ५०३ ला ६ ने भागलं की ८३ पूर्ण गाळे येतात आणि ५ मीटर उरतात. सुरुवातीला झाड लावलं तर झाडं ८४ होतात, शेवटचं ४९८ व्या मीटरवर. टोकाला झाड नाहीच. तिथे कोणी "दोन्ही टोकांना झाड हवं" असा हट्ट धरला, तर ६ मीटरचं अंतर सोडावं लागेल. ८४ गाळे करून प्रत्येकी ६ मीटरपेक्षा थोडं कमी अंतर ठेवलं, तर झाडं ८५ बसतात. परीक्षेत असा प्रश्न सहसा येत नाही. प्रत्यक्ष रस्त्याची लांबी मात्र झाडांच्या अंतराने क्वचितच नीट भागली जाते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही विचारली जाते, आणि तिथे तर मोठी माणसंही घसरतात. रेल्वेमार्गाकडेने दर ५० मीटरवर खांब आहेत. गाडीतल्या प्रवाशाने पहिल्या खांबापासून एकविसाव्या खांबापर्यंत मोजलं, तेवढ्यात बरोबर एक मिनिट गेलं. गाडीचा वेग किती? २१ ला ५० ने गुणलं की मिनिटाला १०५० मीटर, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर येतात. पण गाडी धावली ती खांबांवरून नव्हे, गाळ्यांतून. एकवीस खांबांत गाळे वीस, अंतर १००० मीटर, वेग ताशी ६०. हे टाळायची साधी सवय आहे: घड्याळ सुरू करता तो खांब "शून्य" म्हणून मोजायचा. मग एकविसाव्या खांबाशी तोंडात आकडा वीस असतो आणि मागे पडलेले गाळेही वीस असतात. इमारतीत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यावर जाताना चारच मजले चढावे लागतात, ते याचमुळे. तळमजला म्हणजे तिथला शून्याचा खांब.

आतापर्यंत रस्ता सरळ होता आणि त्याला दोन टोकं होती. शेताला तारेचं कुंपण घालताना टोकच नसतं. ६० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद असं आयताकृती शेत घ्या, खांब दर ३ मीटरवर आणि चारही कोपऱ्यांवर. परिमिती २१० मीटर, गाळे ७०. प्रत्येक खांबाला त्याच्या पुढचा गाळा देत निघालो की सत्तराव्या खांबाचा गाळा थेट पहिल्या खांबाला येऊन मिळतो. एकटं कोणी उरत नाही. खांब ७०. तळ्याभोवती किंवा गोल चौथऱ्याभोवती झाडं लावायची असली, तरी एक मिळवायचा नाही, तो याच कारणाने.

बाजारातून खांब आणताना मात्र माणूस बहुधा बाजू-बाजूने हिशेब करतो. साठ मीटरच्या बाजूला २० गाळे म्हणून २१ खांब, पंचेचाळीसच्या बाजूला १५ गाळे म्हणून १६ खांब. अशा दोन-दोन बाजू: २१, १६, २१, १६, बेरीज ७४. प्रत्येक बाजूचं गणित स्वतंत्रपणे बरोबर आहे, तरी चार खांब जास्त आले. जास्तीचे ते चार म्हणजे चार कोपरे. कोपऱ्यातला खांब दोन बाजूंना सामाईक असतो आणि आपण तो दोन्हीकडे मोजला. यातून पडताळ्याची एक चांगली रीत मिळते. एकदा परिमितीवरून मोजा, एकदा बाजूंवरून मोजून कोपऱ्यांचे चार वजा करा, आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. याच कुंपणात एका गाळ्याच्या जागी ३ मीटरचं फाटक ठेवलं, तर खांब ७० च लागतील, कारण फाटकालाही दोन्हीकडे खांब हवेत. तार मात्र ६९ गाळ्यांपुरती, २०७ मीटर, आणि जितके पदर ओढायचे तितके पट.

शेतातच राहू, कारण मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फळबागेतलं आहे. आंब्याची पारंपरिक लागवड १० मीटर बाय १० मीटर अंतरावर करतात, आणि हेक्टरी १०० झाडं बसतात असं सांगितलं जातं. एक हेक्टर म्हणजे १०० मीटर बाय १०० मीटरचा चौरस. आपण आत्ताच शिकलो की १०० मीटरच्या ओळीत, दर १० मीटरवर, टोकं धरून ११ झाडं. अकरा ओळी, प्रत्येकीत अकरा, म्हणजे १२१. मग शंभरच का म्हणतात? शेतकीवाले एक मिळवायला विसरले का?

विसरले नाहीत. त्यांचा हिशेब क्षेत्रफळाचा आहे. एका झाडाला १०० चौरस मीटर जागा द्यायची, आणि हेक्टरात १०,००० चौरस मीटर आहेत, म्हणून १००. १२१ झाडं लावायची तर बांधावरच झाडं उभी करावी लागतील. त्यांचा अर्धा घेर शेजाऱ्याच्या रानात जाईल, आणि भांडण आज नाही तर दहा वर्षांनी ठरलेलं. म्हणून पहिली ओळ बांधापासून ५ मीटर आत धरायची. मग झाडं ५, १५, २५ असं करत ९५ व्या मीटरवर येतात, एका ओळीत बरोबर दहा. इथे झाड गाळ्याच्या कडेला नाही, गाळ्याच्या मधोमध आहे. प्रत्येक गाळ्याचं स्वतःचं एक झाड आहे, म्हणून दोन्हींची संख्या सारखी. रोपांची मागणी नोंदवताना पहिलं झाड बांधावर की आत, हे ठरलेलं नसेल, तर एका हेक्टरात २१ रोपांचा फरक पडू शकतो. एकाचा फरक दोन्ही दिशांनी आला की त्याचा फक्त एक राहत नाही.

आता दोरी. २० मीटर दोरीचे ४ मीटरचे तुकडे करायचे, किती वेळा कापावं लागेल? तुकडे पाच, काप चार. झाडांच्या भाषेत बोलायचं तर तुकडे म्हणजे गाळे आणि काप म्हणजे झाडं, फक्त दोन्ही टोकांना झाड नसलेली. दोरीची टोकं आधीच सुटी आहेत, तिथे कात्री चालवायची गरज नाही.

हे कळलं तरी वेळेच्या प्रश्नात मन परत फसवतं. एका ओंडक्याचे तीन तुकडे करायला करवतीवर १२ मिनिटं लागतात, तर सहा तुकडे करायला किती? "दुप्पट तुकडे, दुप्पट वेळ, २४ मिनिटं" हे उत्तर इतकं सहज येतं की ते चुकीचं वाटतच नाही. पण वेळ जातो तो कापण्यात, तुकड्यांत नाही. तीन तुकड्यांना दोन काप, म्हणजे एका कापाला ६ मिनिटं. सहा तुकड्यांना पाच काप, म्हणजे ३० मिनिटं. तुकडे दुप्पट झाले, पण काप दोनाचे पाच, म्हणजे अडीच पट. त्रैराशिक लावण्याआधी वेळ कशाच्या प्रमाणात आहे हे पाहायचं, एवढंच. सुतार अर्थात हुशारी करून दोन तुकडे शेजारी ठेवून एकदम कापेल. परीक्षेत एका वेळी एकच काप धरतात.

दोरीत शेष उरली तर आणखी गंमत होते. दोरी २२ मीटर, तुकडे ४ मीटरचे. पूर्ण तुकडे पाच आणि २ मीटर उरते. काप किती? सवयीने "पाचातून एक गेला, चार" म्हणाल तर शेवटी हातात ६ मीटरचा तुकडा राहील. पाचवा तुकडा त्या उरलेल्या दोन मीटरपासून वेगळा करायलाही कापावं लागतं. उरलेला भाग धरून तुकडे सहा आहेत, म्हणून काप पाच. टोकं जोडून दोरीचं कडं केलं असेल तर कुंपणासारखंच होतं: पहिल्या कापाने तुकडाच पडत नाही, कडं नुसतं उघडतं. तिथे जितके काप तितके तुकडे.

घडी घातलेल्या दोरीचा प्रश्न अवघड म्हणून ओळखला जातो, पण तोही याच विचाराने सुटतो. दोरी मधोमध दुमडली आणि दोन पदर एकदम कात्रीत धरून कापले. कात्री एकदा चालली, पण दोरीवर काप पडले दोन. म्हणून तुकडे तीन. दोनदा दुमडली तर पदर चार, एका कात्रीत काप चार, तुकडे पाच. हीच दोनदा दुमडलेली दोरी तीन ठिकाणी कापली, तर काप १२, तुकडे १३. खरं वाटत नसेल तर १२ मीटरची दोरी दोनदा दुमडून मधोमध कापल्याची कल्पना करा. घडीची लांबी ३ मीटर, म्हणून काप पडतात दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहा मीटरवर. तुकडे होतात दीड, तीन, तीन, तीन, दीड मीटरचे. बेरीज बारा. एकच पथ्य: कात्री नेमकी घडीच्या वळणावर चालवायची नाही. एकदाच दुमडलेली दोरी वळणावर कापली, तर दोन पदर नसतात, एकच जागा असते, आणि तुकडे दोनच होतात.

झाडं आणि दोऱ्या निदान डोळ्यांना दिसतात. दिवस मोजताना झाड कोणतं आणि गाळा कोणता हे दिसत नाही, म्हणून घोटाळा तिथे जास्त होतो. ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत रजा टाकली तर रजा किती दिवस? १२ वजा ५ म्हणजे ७, पण रजा ८ दिवसांची, कारण दोन्ही टोकांचे दिवस घरी जाणार आहेत. एक्सेलच्या तक्त्यात A2 मध्ये पहिली तारीख आणि B2 मध्ये शेवटची असेल, तर नुसती वजाबाकी एक दिवस कमी दाखवते. सूत्र असं हवं:

```
=B2-A2+1
```

पण त्याच तारखांना तुम्ही ५ ला लॉजवर उतरलात आणि १२ ला खोली सोडलीत, तर बिल ७ रात्रींचं येईल आणि ते बरोबर असेल. रजेत दिवस मोजले, लॉजवर दोन दिवसांमधल्या रात्री मोजल्या. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसलेला गणपती अनंत चतुर्दशीला उठतो. तिथीची वृद्धी किंवा क्षय नसेल, तर चौदातून चार वजा होऊन दहा उरतात, आणि विसर्जनाचा दिवस मात्र अकरावा असतो. दहा दिवसांचा की अकरा दिवसांचा, हा दरवर्षीचा वाद त्यामुळे कधी मिटत नाही. दोघंही बरोबर मोजतात, एक जण गाळे मोजतो आणि दुसरा खांब.

हा वाद एका साम्राज्याच्या पंचांगातही घुसला होता. ज्युलियस सीझरने आपलं नवं कॅलेंडर इसवी सनपूर्व ४५ मध्ये लागू केलं. त्यात दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा होता, म्हणजे दोन लीप वर्षांत चार वर्षांचं अंतर. पण रोमन लोक मोजताना सुरुवातीचं वर्षही धरत. ज्या वर्षी दिवस वाढवला ते पहिलं, मग दुसरं, तिसरं, आणि चौथं येतं ते प्रत्यक्षात तीनच वर्षांनी. पुढच्याच वर्षी, ४४ मध्ये, सीझरचा खून झाला, आणि त्याला काय म्हणायचं होतं हे विचारायला कोणी उरलं नाही. पुरोहित दर तीन वर्षांनी दिवस वाढवत राहिले. ३६ वर्षांत नऊ दिवस वाढायला हवे होते, ते बारा वाढले. घोळ लक्षात आल्यावर ऑगस्टसने पुढची बारा वर्षं एकही दिवस वाढवू नये असा हुकूम काढला, आणि तीन लीप वर्षं गाळून ते जास्तीचे तीन दिवस भरून काढले.